आकडा आठ असूनही आईंना रक्त का दिले नाही?

घरातील वृद्ध माणूस रुग्णालयात असले की रोज सकाळी येणाऱ्या तपासणीच्या कागदावर आपली नजर प्रथम हिमोग्लोबिनच्या आकड्याकडे जाते. तो खाली गेलेला दिसला की मनात पहिला विचार येतो तो रक्ताच्या बाटलीचा. मी स्वतः तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. तरीही गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंच्या खाटेपाशी बसले असताना माझ्याही मनात हाच विचार आला होता. त्या चार दिवसांची हकीकत आपल्यासमोर ठेवावी, असे बरेच दिवस मनात होते. आपल्यापैकी अनेकांवर हा प्रसंग येतो आणि त्या वेळी उलगडा करून सांगायला जवळ कोणी नसते.

आईंचे वय ८१. रक्तदाब आणि सौम्य मधुमेह होता; हृदयविकार मात्र कधी झालेला नव्हता. पहाटे न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन ११.२ होते, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात ११.२ ग्रॅम. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवशी ते ९.४ झाले, दुसऱ्या दिवशी ८.६ आणि तिसऱ्या दिवशी ८.१. खुब्याचे हाड मोडले की मांडीच्या आत बरेच रक्त साचते, शस्त्रक्रियेत आणखी थोडे जाते आणि शिरेतून दिलेल्या सलाईनमुळे उरलेले रक्त पातळही होते. त्यामुळे ही घसरण अनपेक्षित नव्हती.

तिसऱ्या दिवशी माझे दीर नागपूरहून येऊन पोहोचले. त्यांनी कागद पाहिला, अस्थिरोगतज्ज्ञांनी रक्त मागवले नसल्याचे ऐकले आणि मला बाजूला नेऊन विचारले, "वहिनी, पैशांचा प्रश्न आहे का? मी देतो. मी स्वतः रक्त देतो. पण आईला असे का ठेवले आहे?" इतके म्हणून ते थांबले नाहीत. शेजारच्या खाटेवर ७४ वर्षांच्या एक बाई होत्या. त्यांचेही खुब्याचेच हाड मोडले होते आणि शस्त्रक्रियाही त्याच आठवड्यात झाली होती. त्यांचे हिमोग्लोबिन ८.८, म्हणजे आमच्या आईंपेक्षा जास्त. आणि त्यांना मात्र रक्त सुरू होते. भाऊजींनी तिकडे बोट दाखवून विचारले, "त्यांचा आकडा जास्त, तरी त्यांना बाटली. आईचा कमी, तरी नाही. हा कोणता न्याय?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात होतो त्या काळी नियम सरळ होता: शस्त्रक्रियेच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन दहाच्या खाली जाऊ द्यायचे नाही. हा नियम १९४२ साली अमेरिकेतील अॅडम्स आणि लंडी या दोन डॉक्टरांच्या एका लेखातून पुढे आला. त्यामागे मोठ्या चाचणीचा आधार नव्हता, दोघांचा अनुभव होता. तरीही पुढची अनेक दशके जगभर तोच चालला. १९९९ साली कॅनडातील डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातील ८३८ रुग्णांवर त्याची रीतसर परीक्षा घेतली. काहींना हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिले, इतरांना दहाच्या खाली जाताच दिले. हात आखडून रक्त दिलेल्यांमध्ये मृत्यू अधिक झाले नाहीत. तेव्हापासून कमी आकड्यावर थांबण्याची पद्धत रुजू लागली.

परंतु अतिदक्षता विभागातील रुग्ण वेगळे आणि आमच्या आईंसारखी ऐंशी वर्षांची, पुन्हा पायांवर उभी राहू पाहणारी बाई वेगळी. रक्त कमी राहिले तर अंगात बळ येणार नाही, चालता येणार नाही, ही भाऊजींची खरी भीती होती. नेमका हाच प्रश्न पुढे एका चाचणीत तपासला गेला. अमेरिका आणि कॅनडातील ४७ रुग्णालयांत खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेले २,०१६ रुग्ण तीत होते. त्यांचे सरासरी वय ८१ च्या पुढे होते आणि प्रत्येकाला हृदयविकार तरी होता किंवा त्याचा धोका वाढवणारे काही कारण तरी. एका गटाचे हिमोग्लोबिन रक्त देऊन दहाच्या वर ठेवले. दुसऱ्या गटात आकडा आठच्या खाली गेला तरच रक्त द्यायचे की नाही याचा विचार केला. मात्र रक्त कमी पडल्याची लक्षणे दिसली तर आकडा कितीही असला तरी देण्याची मुभा होती. साठ दिवसांनी किती जण दगावले आणि किती जणांना माणसाचा आधार न घेता खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालता येत नव्हते, हे मोजले. दोन्ही गटांत हे प्रमाण शंभरात सुमारे पस्तीस निघाले. दुसऱ्या गटातील शंभरपैकी ५९ जणांना रक्ताची एकही पिशवी लागली नव्हती, तरी चालण्यात ते मागे पडले नाहीत. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. आज खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आणि जुना हृदयविकार असलेल्यांसाठी आठ, तर प्रकृती स्थिर असलेल्या इतर बहुतेक प्रौढांसाठी सात ही मर्यादा मानली जाते, ती अशाच चाचण्यांच्या आधारावर.

आता त्या चाचणीतील 'मात्र' या शब्दाकडे लक्ष द्या. आठ हा आकडा एकटा कधीच नव्हता. त्याच्या शेजारी लक्षणांची यादी होती: हृदयामुळे छातीत दुखणे, हृदय कमकुवत पडून धाप लागणे, कारण सापडत नसताना नाडी वेगाने चालणे, सलाईन देऊनही रक्तदाब न सावरणे. शेजारच्या बाईंना रक्त का मिळाले, याचे उत्तर या यादीत होते.

त्या बाईंच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत सहा वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला होता. त्या सकाळी व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना उभे केले, तेव्हा चार पावलांतच छातीवर दडपण आले आणि घाम फुटला. ईसीजी काढला, तर त्यात आदल्या दिवशी नसलेला बदल होता. हृदयरोगतज्ज्ञांनी पाहिले आणि एक पिशवी देण्याचा निर्णय झाला.

असे का, हे समजायला शरीराची एक व्यवस्था पाहावी लागते. विश्रांतीच्या वेळी आपले शरीर रक्ताने वाहून आणलेल्या प्राणवायूपैकी साधारण चौथा हिस्साच वापरते. उरलेले तीन हिस्से तसेच परत जातात. घरात कणग्या भरलेल्या असाव्यात तशी ही शिल्लक असते. रक्त कमी झाले की हृदय थोडे जोराने चालते आणि अवयव त्याच रक्तातून अधिक प्राणवायू काढून घेतात. म्हणून हिमोग्लोबिन आठ असतानाही स्वस्थ बसलेल्या माणसाचे काही अडत नाही. हृदयाचा स्नायू मात्र याला अपवाद आहे. तो अखंड कष्ट करतो आणि विश्रांतीच्या वेळीही त्याच्याकडे आलेल्या प्राणवायूपैकी बहुतांश वापरून टाकतो. त्याच्याजवळ शिल्लक नसते. जास्त हवे असेल तर त्याला एकच उपाय, आपल्या रक्तवाहिन्यांतून जास्त रक्त ओढून घेणे. त्या वाहिन्याच अरुंद असतील तर तोही मार्ग बंद होतो. म्हणून मोकळ्या वाहिन्यांच्या हृदयाला ८.१ सोसते आणि अरुंद वाहिन्यांच्या हृदयाला ८.८ सुद्धा अपुरे पडू शकते.

हृदयविकाराचा झटका आलेल्या आणि रक्त कमी असलेल्या ३,५०४ रुग्णांवरील एक चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. कमी आकड्यावर थांबलेल्या गटात महिन्याभरात मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण शंभरात सुमारे १७, तर हिमोग्लोबिन दहाच्या आसपास ठेवलेल्या गटात सुमारे साडेचौदा होते. संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर हा फरक पक्का ठरला नाही. परंतु ताज्या झटक्यात हात फार आखडू नये, इतका इशारा त्यातून अनेक डॉक्टरांनी घेतला आहे.

आता आईंकडे वळू. त्यांनाही लक्षणे दिसली होती, हे मी लपवणार नाही. दुसऱ्या दिवशी, आकडा ८.६ असताना, त्यांना खाटेवर बसवले तर चक्कर आली. नाडी ११०, रक्तदाब १०० वर ६०. त्या क्षणी मीच डॉक्टरांना म्हणाले, "सर, रक्त मागवूया." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे सिस्टरांना विचारले, "काल रात्रीपासून लघवी किती?" फार थोडी झाली होती, तीही गडद. जीभ कोरडी होती. शस्त्रक्रियेच्या उपवासानंतर आईंनी दोन घोट चहाखेरीज काही घेतलेच नव्हते. मलमपट्टी कोरडी होती आणि मांडीची सूज वाढलेली नव्हती, म्हणजे रक्तस्राव चालू असल्याची खूण नव्हती. ताप नव्हता, प्राणवायूची पातळी ठीक होती, ईसीजी पूर्वीसारखाच होता. त्यांनी अर्धा लिटर सलाईन काही तासांत सावकाश द्यायला सांगितले. संध्याकाळी नाडी ८८ वर आली, रक्तदाब सावरला आणि आई उशीला टेकून बसल्या. कारण रक्ताचे नव्हते, पाण्याचे होते.

गंमत अशी, की त्याच सलाईनने रक्त पातळ होऊन दुसऱ्या दिवशीचा आकडा ८.६ वरून ८.१ झाला. भाऊजींच्या हाती आलेला कागद तो हाच. कागदावर आई खालावल्या होत्या आणि खाटेवर सुधारल्या होत्या. मी भाऊजींना आईंच्या मनगटावर बोटे ठेवायला सांगितली. मग व्यायाम शिकवणाऱ्या ताईंबरोबर आई वॉकर धरून दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "आता भाकरी मिळेल का?" भाऊजी गप्प झाले. समाधान पूर्ण झाले नव्हते. पण त्यांनी पुन्हा विचारले नाही.

त्यांनी विचारलेल्या आणखी एका प्रश्नाचे उत्तर मला माझ्या चुकीवरून द्यावे लागले. "गरज थोडी असो, दिले तर बिघडते काय?" असे ते म्हणाले होते. बिघडते. मी नुकतीच डॉक्टर झाले होते, तेव्हाची गोष्ट. एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीला असताना सत्तरीचे एक गृहस्थ स्वतः पायऱ्या चढून आले. मूळव्याधीतून कित्येक महिने थोडेथोडे रक्त जात होते, हिमोग्लोबिन ५.८. तो आकडा पाहून मी घाबरले आणि एका रात्रीत लागोपाठ दोन बाटल्या चढवल्या. पहाटे चार वाजता ते उठून बसले. आडवे होता येईना, श्वास घरघरू लागला, तोंडाला फेस आला. फुप्फुसांत पाणी भरले होते. लघवी होण्याचे इंजेक्शन आणि प्राणवायू देत त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवले. ते वाचले, पण मी ती पहाट विसरलेले नाही.

माझे काय चुकले होते? ज्याचे रक्त सावकाश कमी होते, त्याचे शरीर रक्तातील पाण्याचा भाग वाढवून एकूण रक्त पुरेसे भरून ठेवते. वाहिन्या रिकाम्या नसतात. त्यांतील तांबड्या पेशी तेवढ्या कमी असतात. अशा भरलेल्या घागरीत, तेही वृद्ध हृदय असताना, मी घाईने आणखी ओतले. आजच्या पद्धतीप्रमाणे पाहिले तर ५.८ ला त्यांना रक्त द्यायलाच हवे होते. पण तांबड्या पेशींची एक पिशवी, तीन ते चार तासांत, सावकाश. मग पुन्हा तपासणी. आणि दुसरी हवी की नको हे त्यानंतर. एक पिशवी साधारण २५० ते ३५० मिलिलिटरची असते आणि तिने हिमोग्लोबिन सुमारे एकाने वाढते. पूर्वी दोन बाटल्या सांगण्याची प्रथा होती. आता रक्तस्राव चालू नसेल तर एका वेळी एकच, हे सूत्र आहे. शेजारच्या बाईंनाही एकच दिली गेली. छातीचे दडपण गेले, ईसीजी पूर्ववत झाला आणि दुसरी लागली नाही.

येथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. मी सांगितलेले सर्व आकडे प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाचे आहेत. रक्त भळभळा जात असेल, रक्ताची उलटी होत असेल किंवा शौच डांबरासारखी काळी होत असेल, तर हिमोग्लोबिनच्या आकड्यावर विसंबू नये. रक्त जाते तेव्हा पेशी आणि पाणी एकत्रच जातात; उरलेले रक्त पहिले काही तास तेवढेच दाट राहते. त्यामुळे माणूस पांढरा फटक पडलेला, अंग गार, नाडी १२० आणि कागदावर मात्र हिमोग्लोबिन ११, असे घडते. अशा वेळी 'आकडा चांगला आहे' म्हणून घरी थांबणे प्राणावर बेतू शकते.

रुग्णाजवळ बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय करावे? आकडा जरूर विचारावा, पण त्याच्यासोबत काल आणि परवा किती होता तेही विचारावे; कारण आठवर स्थिर राहिलेला आकडा आणि एका दिवसात अकरावरून आठवर आलेला आकडा यांचा अर्थ वेगळा. उठवल्यावर चक्कर येते का, छातीत भरल्यासारखे होते का, आडवे झाल्यावर धाप लागते का, लघवी किती झाली, माणूस कालपेक्षा गोंधळल्यासारखा बोलतो का, हे चोवीस तास पाहणारे आपणच असतो. डॉक्टर फेरीला आले की हे सांगावे. पूर्वीचा हृदयविकार, स्टेंट, कमी झालेली मूत्रपिंडाची शक्ती यांचे कागद जवळ ठेवावेत. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगावे. त्या गोळ्या नाडी दाबून ठेवतात आणि रक्त कमी पडले तरी नाडीचा इशारा मिळत नाही.

रक्त देण्याचे ठरलेच, तर आधी पिशवीवरचे नाव आणि रक्तगट सिस्टर रुग्णाशी पडताळून पाहतात की नाही, तिकडे लक्ष असू द्यावे. पहिली पंधरा मिनिटे जवळून हलू नये. थंडी वाजणे, ताप, अंगावर गांधी उठणे, कमरेत कळ, यांपैकी काही दिसले तर लगेच हाक मारावी. वृद्धांच्या बाबतीत रक्त चढत असताना आणि नंतरचे बारा तास धाप लागते का, हेही पाहावे. 'लवकर संपवा, घरी जायचे आहे' असे कृपा करून म्हणू नये.

आईंना पाचव्या दिवशी घरी सोडले, तेव्हा हिमोग्लोबिन ८.३ होते. रक्त दिले नाही याचा अर्थ उपचार केले नाहीत असा नव्हे. त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा मुळातच कमी निघाला. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत आतड्यातून लोह नीट शोषले जात नाही, म्हणून ते शिरेतून दिले गेले. बी-१२ ही कमी होते. त्याची इंजेक्शने झाली. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.७ झाले. दिवाळीला भाऊजी आले, तेव्हा आई काठी टेकत अंगणात आल्या. त्यांनी आईंना नमस्कार केला आणि सवयीने मला विचारले, "आता किती आहे?" मी सांगितले, "कागद आत आहे. आधी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालून या."